पीपीव्ही आणि बेस रेट शिकवायचा आहे? आत्महत्येच्या स्क्रीनिंगचे आकडे घ्या

हा लेख तुमच्यासाठी आहे, जर तुम्हाला पहिल्यांदाच रेसिडेंट, इंटर्न, नर्सिंग किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसमोर स्क्रीनिंग टेस्टचं गणित शिकवायला उभं राहायचं असेल. विषय सगळ्यांना ‘येत’ असतो. पीएसएमच्या परीक्षेला चार चौकोनांचं टेबल प्रत्येकाने काढलेलं असतं, सेन्सिटिव्हिटीची व्याख्या झोपेत विचारली तरी सांगतात. तेच विद्यार्थी वॉर्डात गेले की केसपेपरवर ‘हाय रिस्क’ लिहितात आणि त्याचा अर्थ ‘हा बहुधा आत्महत्या करणार’ असा धरतात. ‘लो रिस्क’ लिहिलं की निर्धास्त होतात. सूत्र एका कप्प्यात राहतं आणि पेशंट दुसऱ्या.

मी हा वर्ग आत्महत्येच्या स्क्रीनिंगवर घेते, कारण इथे बेस रेटचा, म्हणजे ती घटना मुळात शेकडा किती जणांत घडते याचा, परिणाम लपत नाही. मधुमेहाच्या उदाहरणात पीपीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे किती हा आकडा, साठ-सत्तर टक्के येतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. इथे तो तीन-चार टक्के येतो आणि वर्ग गप्प होतो. त्या गप्प होण्यातून प्रश्न निघतात.

वर्गातून बाहेर पडताना विद्यार्थ्याला एवढं जमलं पाहिजे: कुठलाही ‘पॉझिटिव्ह’ दिसला की त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. कशासाठी पॉझिटिव्ह, किती काळात, आणि कुठल्या पेशंटांमध्ये? पीपीव्ही टेस्टच्या डब्यावर छापून येत नाही, तो या तीन उत्तरांवर ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथे पोचण्यासाठी आहेत. दीड तास हाताशी ठेवा, तासाभरात घाई होते.

काय काय लागेल

- मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद, दर दोन विद्यार्थ्यांमागे एक
- लाल बारीक टोकाचं पेन आणि पिवळी स्केचपेन
- फळा किंवा व्हाइटबोर्ड
- एक्सेल किंवा गूगल शीट उघडेल असा एक लॅपटॉप
- टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला

शेवटची गोष्ट शोभेसाठी नाही. आदल्या दिवशीच विषय सांगून ठेवा. वर्गात बसलेल्यांपैकी कुणी घरातलं किंवा बॅचमधलं माणूस असं गमावलेलं असू शकतं, कुणी स्वतः त्या विचारांतून जात असू शकतं. ज्याला उठून जायचं असेल त्याने कारण न सांगता जावं, हे सुरुवातीलाच बोला. कुणी कसा जीव दिला याचे किस्से वर्गात येऊ देऊ नका, गणिताला त्यांची गरज नाही.

१. आधी अंदाज लिहून घ्या

फळ्यावर काहीही मांडण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘मानसोपचार वॉर्डात भरती झालेल्या पेशंटांची सविस्तर तपासणी करून काहींना हाय रिस्क ठरवलं. पुढच्या पाच वर्षांत त्यांच्यापैकी शेकडा किती जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला असेल?’ प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, शेजाऱ्याला विचारायचं नाही, नाव घालायचं नाही.

चिठ्ठ्या गोळा करून आकडे फळ्यावर उतरवा. चाळीस, साठ, तीस असे आकडे सर्रास दिसतात. त्यावर काही बोलू नका. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. खरा आकडा कळल्यावर ‘हे मला वाटलंच होतं’ असं म्हणण्याची सोय उरत नाही, हा तिचा फायदा.

२. ४८०० चौकटी रंगवा

आता खरी केस आणा. ॲलेक्स पोकोर्नी या मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात ओळीने भरती झालेल्या ४८०० पेशंटांची तपासणी केली. आत्महत्येचा अंदाज देणारी म्हणून तोवर जी मोजमापं सांगितली जात, त्यांतली बहुतेक वापरली. मग सरासरी पाच वर्षं या माणसांचं पुढे काय झालं ते पाहिलं. अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात ६७ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला. तपासणीत हाय रिस्क ठरले होते ८०३ जण, आणि त्या ८०३ मधले ३० जण या ६७ मध्ये होते.

आकडे तोंडी सांगून थांबू नका. आलेख कागदावर ८ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच आयत काढायला लावा. त्यात मिलिमीटरच्या बरोबर ४८०० चौकटी येतात, एक चौकट म्हणजे एक पेशंट. वरून १० मिलिमीटरचा पट्टा पिवळा करायचा, म्हणजे ८०० झाले. त्याखाली आणखी तीन चौकटी रंगवायच्या. हे आपले ८०३ हाय रिस्क.

आता लाल पेन. पिवळ्या पट्ट्यात ३० ठिपके द्यायचे, वाटेल तिथे विखरून. उरलेल्या पांढऱ्या भागात ३७.

इथे घाई करू नका, ठिपके देऊ द्या. मोजताना कंटाळा येतो, डोळे बारीक करावे लागतात, आणि त्याच वेळी दोन गोष्टी कुणी न सांगता दिसतात. पिवळा पट्टा जवळजवळ सगळाच पिवळा राहिलेला असतो, त्यात लाल शोधावं लागतं. आणि लाल ठिपके पांढऱ्या भागात जास्त आहेत. बहुतेक वेळा कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, जास्त माणसं लो रिस्कमधलीच गेली की!’ हो, ६७ पैकी ३७. लो रिस्कमध्ये एकेकट्या माणसाचा धोका कमी, पण माणसंच इतकी जास्त की एकूण मृत्यू तिकडे अधिक झाले.

३. मग टेबल, आणि प्रत्येक आकडा पूर्ण वाक्यात

आता चार चौकोनांचं टेबल फळ्यावर काढा.

| | आत्महत्येने मृत्यू | तसा मृत्यू नाही | एकूण |
|---|---|---|---|
| हाय रिस्क | ३० | ७७३ | ८०३ |
| हाय रिस्क नाही | ३७ | ३९६० | ३९९७ |
| एकूण | ६७ | ४७३३ | ४८०० |

सूत्रं लिहू नका. प्रत्येक आकड्यासाठी एक पूर्ण वाक्य लिहून घ्या.

मृत्यू झालेल्या ६७ जणांपैकी ३० जणांना तपासणीने आधी हाय रिस्क म्हटलं होतं: सेन्सिटिव्हिटी सुमारे ४५ टक्के.

तसा मृत्यू न झालेल्या ४७३३ जणांपैकी ३९६० जणांना तपासणीने हाय रिस्क म्हटलं नव्हतं: स्पेसिफिसिटी सुमारे ८४ टक्के.

हाय रिस्क म्हटलेल्या ८०३ जणांपैकी ३० जणांचा तसा मृत्यू झाला: पीपीव्ही ३.७ टक्के.

वाक्य लिहायला लावण्याचं कारण सरळ आहे. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात वरचा आकडा तोच ३० आहे, बदलतो तो छेद. सेन्सिटिव्हिटी आणि पीपीव्ही यांची जी गल्लत आयुष्यभर होत राहते, ती छेदाची गल्लत आहे आणि ती इथेच पकडता येते. पेशंटसमोर बसलेल्या डॉक्टरच्या हातात रिपोर्ट असतो, निकाल नसतो. म्हणून त्याला तिसरं वाक्य लागतं. पहिल्या वाक्यासाठी कोण गेलं हे आधीच माहीत असावं लागतं.

आता ३.७ टक्के हा आकडा फळ्यावरच्या चिठ्ठ्यांच्या आकड्यांशेजारी लिहा. टक्क्यांपेक्षा माणसांत सांगितलं तर जास्त पोचतं: हाय रिस्क म्हटलेल्या दर २७ जणांमागे एक. लो रिस्कमध्ये दर १०८ जणांमागे एक. दोन्हींत चौपट फरक आहे, म्हणजे तपासणी निव्वळ ढोंग नव्हती, तिला काहीतरी दिसत होतं. पण ज्या २७ जणांना तुम्ही एकच लेबल लावलं, त्यातले २६ जण त्या पाच वर्षांत असे गेले नाहीत.

*एनपीव्हीचा सापळा.* हुशार विद्यार्थी इथे हमखास म्हणतो, ‘पण एनपीव्ही बघा, ३९९७ पैकी ३९६०, म्हणजे ९९ टक्के! मग निगेटिव्ह आला की घरी पाठवायला हरकत काय?’ त्याला विचारा, तपासणी केलीच नसती तर? ४८०० पैकी ४७३३ जणांचा तसा मृत्यू झालाच नव्हता, म्हणजे ९८.६ टक्के. तपासणीने तुमचा विश्वास ९८.६ वरून ९९.१ वर नेला, बस. घटना दुर्मीळ असली की एनपीव्ही आपोआप मोठा येतो, त्याचं श्रेय टेस्टला देऊ नये. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एनपीव्ही ९९ टक्के’ वाचलं की आधी बेस रेट विचारायची सवय इथून लागते.

४. टेस्ट सुधारून बघा

पुढचा आक्षेप ठरलेला: ‘१९८३ ची टेस्ट वाईट होती, आता चांगल्या आहेत.’ वाद घालू नका, लॅपटॉप उघडा. शीटमध्ये A2 मध्ये बेस रेट, B2 मध्ये सेन्सिटिव्हिटी, C2 मध्ये स्पेसिफिसिटी टाका, सगळं दशांशात. D2 मध्ये हे सूत्र:

```
=(A2*B2)/(A2*B2+(1-A2)*(1-C2))
```

आधी पोकोर्नींचे आकडे टाकून ३.७ टक्के येतात का ते पडताळा (0.01396, 0.448, 0.837). मग सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९० टक्के करा. अशी टेस्ट कुणाकडे नाही, पण धरून चालू. ६७ पैकी ६० जण सापडतील. उरलेल्या ४७३३ चे दहा टक्के, म्हणजे ४७३ जण उगाच पकडले जातील. ५३३ पॉझिटिव्हमध्ये ६० खरे: पीपीव्ही ११ टक्के. टेस्ट जवळजवळ आदर्श केली, तरी दर नऊ पॉझिटिव्हमागे आठ चुकीचे.

मग ही आदर्श टेस्ट घेऊन वॉर्डाबाहेर पडा. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतात आत्महत्येचा दर लाखामागे १२.४ होता. लाख लोकांना टेस्ट केली, तर वर्षभरात ज्यांचा असा मृत्यू होणार त्या १२ जणांपैकी ११ सापडतील. आणि त्यांच्यासोबत सुमारे १०,००० माणसं. म्हणजे नऊशे पॉझिटिव्हमागे एक. (नोंद न झालेले मृत्यू धरून दर दुप्पट केला तरी साडेचारशेमागे एक.) टेस्ट तीच आहे, बदलला फक्त बेस रेट. A2 मधला आकडा विद्यार्थ्यांना स्वतः बदलू द्या. लाखामागे १२.४ हाच दर ठेवून स्पेसिफिसिटी किती वाढवली तर पीपीव्ही ५० टक्क्यांवर पोचतो, हे एखाद्याला शोधायला सांगा. ९९ टक्क्यांनीही काम भागत नाही, हे तो स्वतःच येऊन सांगेल.

५. ‘कशासाठी पॉझिटिव्ह’ हे वेगळं शिकवा

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून थोडा वेळ राखून ठेवा.

एएसक्यू नावाची चार प्रश्नांची छोटी चाचणी आहे, मुलांच्या कॅज्युअल्टीत वापरण्यासाठी केलेली. चारपैकी एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं किंवा उत्तर द्यायला नकार दिला तर पॉझिटिव्ह. मग ‘आत्ता या क्षणी असे विचार येत आहेत का?’ हा पाचवा प्रश्न विचारायचा. २०१२ च्या मूळ अभ्यासात तिची सेन्सिटिव्हिटी ९६.९ आणि स्पेसिफिसिटी ८७.६ टक्के आली. हे आकडे दाखवले की वर्ग सुटकेचा श्वास टाकतो: मिळाली एकदाची चांगली टेस्ट!

आता विचारा, ९६.९ टक्के कशाचे? त्या अभ्यासात तुलना होती दुसऱ्या, मोठ्या प्रश्नावलीशी, जी मुलाच्या मनात सध्या आत्महत्येचे विचार किती आहेत ते मोजते. पुढे कोण दगावलं याच्याशी तुलना नव्हती. पोकोर्नी पाच वर्षांनंतरचा मृत्यू ओळखू पाहत होते, एएसक्यू आजचे विचार ओळखते. दोन्हींना आपण ‘सुइसाइड रिस्क स्क्रीनिंग’ म्हणतो आणि आकडे शेजारी शेजारी ठेवतो, इथेच घोळ होतो. आजचे विचार ही बरीच सामान्य गोष्ट आहे आणि मृत्यू दुर्मीळ, त्यामुळे दोघांचे पीपीव्ही एका मापाने तोलता येत नाहीत.

आता हीच चाचणी दोन खोल्यांत चालवा. सोपं जावं म्हणून ९७ आणि ८८ टक्के धरा आणि टेस्ट दोन्हीकडे सारखीच चालते असं माना. खालचे बेस रेट वर्गापुरते घेतले आहेत.

पहिली खोली: ताप, पोटदुखी, पडझड घेऊन आलेली १००० मुलं, त्यांतल्या ४ टक्क्यांच्या मनात खरोखर असे विचार. ४० पैकी ३९ सापडतात, उरलेल्या ९६० मधून ११५ उगाच येतात. १५४ पॉझिटिव्हमध्ये ३९ खरे, चारात एक.

दुसरी खोली: मानसिक त्रासासाठीच आणलेली १००० मुलं, निम्म्यांच्या मनात असे विचार. ५०० पैकी ४८५ सापडतात, उगाच येतात फक्त ६०. दर दहा पॉझिटिव्हमध्ये नऊ खरे.

आणि लगेच उलटा प्रश्न: या दुसऱ्या खोलीत निगेटिव्ह आलेल्या मुलाला सोडून द्याल का? तिथे ४५५ निगेटिव्ह येतील, त्यांत १५ जण सुटलेले असतील. पहिल्या खोलीत ८४६ मध्ये एक. बेस रेट वाढून पीपीव्ही चढला की एनपीव्ही उतरतो, हे इथे एकदा हाताने काढलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

६. मग पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय

इथपर्यंत आल्यावर वर्गात एक निराशा पसरते: ‘म्हणजे या टेस्ट फुकटच.’ हा दुसरा सापळा, आणि पहिल्याइतकाच वाईट. तसंच सोडून दिलंत, तर विद्यार्थी पेशंटला विचारणंच बंद करतील.

म्हणून एक मुलगा समोर ठेवा. चौदा वर्षांचा, सायकलवरून पडून मनगट फ्रॅक्चर झालेला, ऑर्थोची वाट बघत कॅज्युअल्टीत बसलेला, एएसक्यू पॉझिटिव्ह. पहिल्या खोलीच्या गणिताने त्याच्या मनात खरोखर असे विचार असण्याची शक्यता चारात एक. हा आकडा त्याला मानसोपचार वॉर्डात भरती करायला फार कमी आहे, आणि प्लास्टर घालून घरी पाठवायला फार जास्त. मग मधलं काम करायचं: आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवून, प्रशिक्षित माणसाने दहा-पंधरा मिनिटं मुलाशी नीट बोलायचं. पाचव्या प्रश्नाला ‘हो’ असेल, तर ते बोलणं होईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. या कामासाठी २५ टक्के पीपीव्ही पुरेसा आहे, कारण उगाच पकडल्या गेलेल्या तिघांचं नुकसान काय, तर पंधरा मिनिटांचं बोलणं. पीपीव्ही ‘पुरेसा’ आहे की नाही हे पुढच्या कृतीच्या किमतीवर ठरतं, आणि हे वाक्य फळ्यावर लिहिण्यासारखं आहे.

याच हिशोबाने पोकोर्नींच्या ८०३ कडे परत बघायला सांगा. २७ पैकी एकासाठी २७ जणांना त्यांच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं परवडणारं नाही. २७ जणांशी बोलून प्रत्येकाला काय हवंय ते विचारणं परवडतं, आणि ते लो रिस्कमधल्यांच्याही वाट्याला यायला हवं, कारण ३७ मृत्यू तिकडचे होते. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये काढलेल्या सूचना अशाच आहेत: पुढच्या आत्महत्येचं भाकीत करण्यासाठी रिस्क स्केल वापरू नका, कुणाला उपचार द्यायचे हे त्यावरून ठरवू नका, पेशंटांना लो-मीडियम-हाय अशा खणांत टाकू नका. त्याऐवजी त्या माणसाच्या गरजा बघा. त्याआधी २०१७ मध्ये कार्टर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आत्महत्येसाठी पीपीव्ही ५.५ टक्के निघाला. म्हणजे १९८३ च्या ३.७ टक्क्यांपासून फार लांब नाही.

एक लिहिण्याचा सराव द्या. ‘स्क्रीन निगेटिव्ह, लो रिस्क, डिस्चार्ज’ ही केसपेपरवरची नोंद बदलून लिहायला सांगा. मला साधारण अशी नोंद चालते: ‘आज आत्महत्येचे विचार नाकारतो. गेल्या महिन्यात आले होते, नोकरी गेल्यानंतर. झोप कमी. बहिणीशी बोलतो, ती सोबत आहे. सुरक्षा योजना लिहून दिली, औषधं बहिणीकडे. तीन दिवसांनी ओपीडीत बोलावलं आहे.’ यात रिस्कचा शिक्का कुठेच नाही, पण रात्री ड्यूटीवर येणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

७. मर्यादा सांगायला विसरू नका

पोकोर्नींचे पेशंट बहुसंख्य पुरुष, माजी सैनिक, अमेरिकेतले, भरती झालेले. त्यांचा १.४ टक्के बेस रेट तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीला जसाच्या तसा लावायचा नाही. शिवाय हाय रिस्क ठरलेल्यांकडे जास्त लक्ष दिलं गेलं असेल आणि त्यामुळे काही जीव वाचले असतील, तर ते टेबलात ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणूनच मोजले जातात. सगळे ७७३ जण ‘चुकीचे’ पकडले असं म्हणू नका, इतकंच. या एका कारणाने ३.७ चे ५० टक्के होत नाहीत. आणि काळ: हा आकडा सुमारे पाच वर्षांचा आहे. रेसिडेंटला निर्णय आज रात्रीचा घ्यायचा असतो, आणि एका रात्रीसाठी पीपीव्ही याहून कितीतरी खाली येतो.

८. समजलं का, हे कसं तपासाल

सूत्र विचारू नका, ते सगळ्यांना येतं. मी शेवटची दहा मिनिटं दोन प्रश्न देते.

पहिला: ‘पोकोर्नींच्या सगळ्या ४८०० पेशंटांना डोळे मिटून लो रिस्क म्हटलं, तर किती टक्के उत्तरं बरोबर येतील? आणि खऱ्या तपासणीची किती बरोबर आली?’ उत्तर ९८.६ आणि ८३.१. ज्याला हे बघून हसू येतं आणि मग ‘पण पहिल्यात एकही जण सापडला नाही’ असं जो म्हणतो, त्याला विषय कळला. जो फक्त ९८.६ जास्त म्हणून थांबतो, त्याच्याशी वर्गानंतर बोला.

दुसरा: ‘तुमच्या रुग्णालयात नवीन स्क्रीनिंग सुरू करायचं ठरलंय, अधीक्षक तुमचं मत विचारतात. टेस्टबद्दल काहीही विचारण्याआधी त्यांना कुठले प्रश्न विचाराल?’ कुठल्या विभागात, कशाचा शोध घेण्यासाठी, किती काळाचा विचार करून, हे तिन्ही यायला हवेत. चौथा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि त्याला मी जादा गुण देते: पॉझिटिव्ह आलेल्यांशी पंधरा मिनिटं बोलायला रात्रपाळीत माणूस कोण असणार आहे?